सरकती खिडकी पुन्हापुन्हा अडकते: सफाई केव्हा पुरते आणि बेअरिंग केव्हा बदलावे लागते

आमच्या ठाण्यातील घराच्या दिवाणखान्याला रस्त्याच्या बाजूने ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आहे. पाच फूट रुंद, चार फूट उंच, दोन काचेचे पल्ले आणि आतल्या बाजूला डासांच्या जाळीचा तिसरा पल्ला, म्हणजे फॅब्रिकेटरच्या भाषेत थ्री ट्रॅक. गेली तीन वर्षे तिचा उजवा काचेचा पल्ला दर दोन-अडीच महिन्यांनी अडकत असे. आम्ही खाचा साफ करीत असू, चार दिवस तो बरा सरके आणि मग खर्र असा आवाज करीत पुन्हा जड होई. बोलावलेल्या कारागिराने दोनदा येऊन ट्रॅकमध्ये तेल सोडले, हलवून दाखवले आणि पैसे घेतले. दोन्ही वेळा तक्रार पंधरवड्यात परतली, आणि दुसऱ्या वेळी तर आधीपेक्षा वाईट अवस्थेत परतली. अखेर पल्ला उतरवून पाहिला, तेव्हा लक्षात आले की आम्ही आजवर साफ करीत होतो तो मळ सगळा बाहेरून आलेला नव्हताच. त्यातला बराचसा भाग खिडकी स्वतःच तयार करीत होती.

हे कसे, ते कळण्यासाठी पल्ला कशावर उभा असतो हे पाहावे लागते. चौकटीच्या खालच्या भागात, ज्याला आपण सरसकट ट्रॅक म्हणतो, प्रत्येक पल्ल्यासाठी ॲल्युमिनियमचा एक उभा, अरुंद रूळ असतो आणि रुळांच्या दोन्ही अंगांना खाचा असतात. पल्ल्याच्या खालच्या पट्टीत दोन्ही टोकांजवळ एकेक चाक बसवलेले असते. दुकानात त्याला रोलर म्हटले तर चालते, पण बहुतेक ठिकाणी ‘स्लायडिंगचे बेअरिंग’ असे विचारावे लागते. सगळे वजन या दोन चाकांवर असते. आमच्या पल्ल्याची काच 5 मिलीमीटर जाडीची, 75 सेंटीमीटर रुंद आणि 120 सेंटीमीटर उंच, म्हणजे क्षेत्रफळ 0.9 चौरस मीटर. काचेचे वजन दर चौरस मीटरला, दर मिलीमीटर जाडीमागे अडीच किलो धरले, तर नुसती काच सव्वाअकरा किलोंची होते. ॲल्युमिनियम धरून तेरा-चौदा किलो. एकेका चाकावर सात किलोंच्या आसपास भार हा काही फार नाही, पण चाक फिरायचे थांबले की हाच भार रुळावरून फरफटत जातो. ॲल्युमिनियम मऊ असते. अडकलेले चाक त्याला खरवडते, त्यातून बारीक भुकटी पडते, ती दमट धुळीत आणि तेलात मिसळून काळपट लगदा होतो, आणि तो लगदा चाकाच्या आसाशी जाऊन बसला की चाक आणखी घट्ट होते. सफाईने लगदा जातो, परंतु तो तयार करणारे चाक तिथेच राहते.

आधी दोष कुठे आहे ते ओळखावे

पल्ला न उतरवता तीन गोष्टी तपासता येतात, आणि त्यांना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत.

पहिली तपासणी मळाची. कोरड्या पांढऱ्या फडक्याने रुळाचा माथा दाबून पुसावा. फडक्यावर तपकिरी किंवा मातकट डाग उमटला तर ती रस्त्यावरची धूळ असते आणि सफाईने काम भागण्याची शक्यता बरीच असते. डाग राखाडी-काळा, चमकदार झाक असलेला आणि बोटांना गुळगुळीत लागणारा असेल, तर ते झिजलेले ॲल्युमिनियम आहे असे समजावे. अशा वेळी रुळाच्या माथ्यावर एक उजळ, ओरखडलेली रेघही दिसते, आणि ती नेमकी कुठून कुठपर्यंत आहे यावरून पल्ला कोणत्या पट्ट्यात फरफटतो हे कळते.

दुसरी तपासणी पल्ला उचलून पाहण्याची. तो जिथे अडकतो तिथे दोन्ही हातांनी उभ्या पट्टीला धरून किंचित वर उचलावा आणि तसाच ढकलावा. उचलल्यावर तो सहज सरकला तर दोष खाली, म्हणजे चाकात किंवा रुळात आहे. उचलल्यावर तो अधिकच घट्ट झाला तर पल्ला वरच्या बाजूला घासतो आहे, आणि मग चौकटीचे माप घेणे भाग आहे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

तिसरी तपासणी फटीची, आणि ती मला सर्वांत भरवशाची वाटते. पल्ला चौकटीच्या उभ्या बाजूला टेकेपर्यंत हळूहळू बंद करीत न्यावा आणि टेकण्याच्या क्षणी थांबावे. दोन्ही चाके सारखी असतील तर पल्ला वरपासून खालपर्यंत एकाच वेळी टेकतो. कडीच्या बाजूचे चाक जास्त झिजले असेल तर तो कोपरा खाली बसतो, पल्ला तिरका होतो, त्याचे वरचे टोक आधी टेकते आणि खाली फट राहते. आमच्या पल्ल्याची दोन चाके एकमेकांपासून सुमारे 60 सेंटीमीटरवर आहेत आणि उंची त्याच्या दुप्पट आहे. म्हणून चाकांच्या उंचीत 2 मिलीमीटरचा फरक पडला की वर-खालच्या फटीत 4 मिलीमीटरचा फरक दिसतो. आम्ही मोजला तेव्हा तो बरोबर तेवढाच भरला. लॉकचा आकडा आपल्या खाचेत बसत नव्हता, त्याचेही कारण हेच होते. त्या लॉकवर मी वर्षभर रागावून होतो आणि ते एकदा बदललेही होते.

पल्ला उतरवणे

हे काम वरच्या मजल्यावर एकट्याने करू नये. वारा असताना किंवा पाऊस येण्याच्या बेतात असताना तर मुळीच करू नये. दोन माणसे, पायात बूट, हातात रबरी पकडीचे मोजे आणि पल्ला टेकवण्यासाठी भिंतीशी अंथरलेली घडीची गोधडी, इतकी तयारी आधी करावी. सरकत्या खिडकीचा पल्ला सहसा घराच्या आतूनच निघतो आणि आतल्या ट्रॅकवरचा आधी निघतो. म्हणून आमच्याकडे प्रथम जाळी, मग आतला काचेचा पल्ला आणि शेवटी बाहेरचा, असा क्रम होता.

चौकटीची वरची खाच खालच्यापेक्षा खोल ठेवलेली असते. पल्ला सरळ वर उचलला की तो त्या खोलीत शिरतो आणि त्याची खालची कड रुळाच्या वर येते. मग खालची बाजू आपल्याकडे ओढायची आणि पल्ला खाली घ्यायचा. उचलूनही कड रुळावरून सुटत नसेल तर जोर लावू नये. पल्ला बाहेरून कुणी उचलू नये म्हणून वरच्या खाचेत प्लॅस्टिकचा ठोकळा किंवा एखादा स्क्रू बसवलेला असतो. तो विजेरीच्या प्रकाशात शोधून काढावा लागतो. काही पल्ले दोन्ही टोकांना अडतात, पण मधोमध आणले की निघतात. बाहेरचा पल्ला उचलताना दुसऱ्या माणसाने तो वरच्या अर्ध्या भागात धरून आत झुकवलेला ठेवावा, कारण हातातून निसटला तर तो ज्या दिशेला जाईल तिथे खाली माणसे चालत असतात.

खाचांची सफाई

इथे एक चूक जवळपास सगळे करतात, आणि आम्हीही करीत होतो. आरंभीच पाणी ओतायचे नसते. कोरडी धूळ भिजली की तिचा चिखल होतो आणि तो खाचेच्या कोपऱ्यांत व पाणी जाण्याच्या भोकांत जाऊन बसतो. वाळल्यावर तो प्लास्टरसारखा घट्ट होतो. म्हणून आधी एक इंची रंगाच्या ब्रशने धूळ सुटी करावी आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या अरुंद नळीने ओढून घ्यावी. व्हॅक्यूम नसेल तर जाड कागदाच्या घडीने ती एका टोकाला आणून उचलावी. कबुतरांची विष्ठा असेल तर तेवढा भाग मात्र पाण्याच्या फवाऱ्याने ओला करून, नाकावर मास्क लावून पुसावा, कारण तिची कोरडी भुकटी श्वासात जाणे चांगले नाही.

चिकटलेला थर काढायला आइस्क्रीमची लाकडी काडी उत्तम. तिचे टोक तिरके कापले की ती खाचेच्या कोपऱ्यात नेमकी बसते आणि ॲल्युमिनियमला ओरखडा पडत नाही. रंगकामाच्या वेळी पडलेले पुट्टीचे आणि सिमेंटचे ठिपके रुळाच्या माथ्यावर असतील, तर चाक तिथे दरवेळी ठेच खाते. असे ठिपके ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवून मग काडीने उडवावेत. त्यानंतर कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवाचे चार-पाच थेंब टाकून जुन्या टूथब्रशने खाचा घासाव्यात आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला गुंडाळलेल्या फडक्याने पुसून काढाव्यात. संडास धुण्याचे ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा यांपैकी काहीही वापरू नये. ॲल्युमिनियमचा वरचा संरक्षक थर ॲसिडने जातो तसाच अल्कलीनेही जातो, आणि मग त्यावर पांढरी भुकटी धरू लागते.

पाणी जाण्याची भोके हा सफाईतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. खालच्या चौकटीच्या बाहेरच्या तोंडावर ती लहान आयताकृती चिरांसारखी असतात. तीन ट्रॅकच्या खिडकीत आतल्या खाचेतून बाहेरच्या खाचेत पाणी जाण्यासाठी रुळांच्या तळाशीही भोके पाडलेली असतात. खराट्याची हीर त्यात दोन्ही बाजूंनी फिरवावी, आणि बाहेरच्या तोंडाशी पल्ले उतरवलेल्या मोकळ्या खिडकीतून वाकू नये, हात पोहोचेल तेवढेच करावे. आमच्या खिडकीची दोन्ही बाहेरची भोके इमारतीच्या रंगकामाच्या वेळी सिलिकॉन सीलंटने पूर्ण लिंपलेली सापडली. बाहेरून पाणी झिरपते म्हणून कुणीतरी सांध्याबरोबर भोकेही बुजवली होती. पावसाळ्यात आतल्या खाचेत पाणी साचून चाके चारचार दिवस त्यात उभी राहात असत. लोखंडी आस गंजण्याला एवढे पुरेसे होते. सीलंट धारदार कटरने कापून काढले आणि खाचेत एक पेलाभर पाणी ओतून पाहिले. ते मिनिटभरात बाहेर निघून गेले तर भोके मोकळी आहेत. (खालच्या मजल्यावर कपडे वाळत नाहीत ना, ते आधी पाहावे. आम्ही पाहिले नव्हते.)

शेवटी रुळाच्या माथ्यावरून फडके गुंडाळलेले बोट फिरवावे. धागा अडकला तर तिथे काठ उभा राहिला आहे. 400 नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून तो काठ रुळाच्या लांबीच्या दिशेने हलकेच घासून बसवावा. कानस लावू नये, कारण ती एका जागी खड्डा करते. रूळ कुठे वाकला असेल तर दोन्ही अंगांना लाकडाची पट्टी ठेवून पकडीने हळूहळू सरळ करता येतो.

बेअरिंग तपासणे आणि बदलणे

उतरवलेला पल्ला आडवा करून खालची कड समोर आणली की दोन्ही चाके दिसतात. प्रत्येक चाक बोटाने टिचकी मारून फिरवावे. चांगले चाक आवाज न करता काही फेरे घेते. ते अर्ध्या फेऱ्यात थांबत असेल, आसावर डावी-उजवीकडे डुगडुगत असेल किंवा खरखरत असेल, तर ते संपले आहे. आमचे कडीच्या बाजूचे चाक मुळीच फिरत नव्हते. नायलॉनच्या त्या चाकाच्या खालच्या अंगाला बोटाच्या नखाएवढी सपाट जागा तयार झाली होती. तीच बाजू सतत रुळावर घासत असल्याचा तो पुरावा होता. आसाभोवती केसांचा आणि धाग्यांचा घट्ट वेढा होता आणि तो काढल्यावर खाली गंज दिसला. दुसरे चाक फिरत होते, पण त्याची खोबण खोल झाली होती. नुसते केस अडकलेले असतील, चाक गोल असेल आणि आस स्वच्छ असेल, तर केस कापून काढून चाक पुन्हा वापरता येते. सपाट जागा पडली असेल तर त्याला कसलाही इलाज नाही.

बदलताना दोन्ही चाके एकदम बदलावीत. एक नवे आणि एक झिजलेले ठेवले तर पल्ला पुन्हा तिरका बसतो.

बेअरिंग पल्ल्यात कसे धरलेले आहे हे सेक्शनप्रमाणे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या घडणीप्रमाणे बदलते. काहींत ते खालच्या पोकळ पट्टीत सरकवून उभ्या पट्टीच्या बाजूने एका स्क्रूने अडकवलेले असते, तर काहींत खालूनच स्क्रू असतो. काही जुन्या पल्ल्यांत ते काढण्यासाठी कोपऱ्याचा स्क्रू सोडवून उभी पट्टी थोडी सुटी करावी लागते, आणि मग काचेचे रबरही सुटते. शेवटचा प्रकार असेल तर काम फॅब्रिकेटरकडून करवून घेतलेले बरे. काच चौकटीबाहेर सरकली की ती पुन्हा काटकोनात बसवायला गुण्या आणि सराव दोन्ही लागतात.

ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षे बसलेला लोखंडी स्क्रू सहसा सरळ निघत नाही. त्याच्याभोवती पांढरी भुकटी दिसत असेल तर दोन धातूंमधील संयोगाने त्याला पकडले आहे असे समजावे. गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचा एक थेंब स्क्रूच्या बुडाशी सोडून वीस मिनिटे थांबावे, स्क्रूच्या खाचेत नेमका बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्यावा आणि सोडवण्याआधी किंचित आवळून पाहावे. पकड सुटल्याची बारीकशी कट् जाणवली की मग उलटा फिरवावा. परत बसवताना जुना स्क्रू वापरू नये. त्याच मापाचा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. मुलामा दिलेला साधा स्क्रू समुद्राकाठच्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत लाल पडतो.

दुकानात जाताना जुने बेअरिंग आणि रुळाच्या माथ्याची रुंदी, दोन्ही बरोबर न्यावीत. फोनवरचा फोटो पुरत नाही. जुळवून पाहण्यासारख्या गोष्टी चार आहेत: चाकाचा व्यास, त्याच्या खोबणीचा आकार, घराची म्हणजे चाक ज्यात बसते त्या डबीची रुंदी, आणि डबीच्या माथ्यापासून चाकाच्या तळापर्यंतची उंची. जुन्या चाकाचा व्यास मोजताना झिजेचा विचार करावा. आमचे झिजलेले चाक सपाट बाजूने मोजले तर नव्यापेक्षा 3 मिलीमीटर कमी भरत होते. त्याच मापाचे दुसरे शोधत बसलो असतो तर कधीच मिळाले नसते. म्हणून जे चाक कमी झिजले आहे त्याच्यावरून माप घ्यावे. खोबण गोल असेल तर माथा गोल असलेल्या रुळावरच ती नीट बसते. सपाट रुळावर व्ही आकाराच्या खोबणीचे चाक बसवले तर ते दोन कडांवर चालते आणि लवकर चिरते.

नायलॉनचे चाक घ्यावे की स्टीलचे, हा प्रश्न दुकानदार विचारतोच. स्टीलचे चाक जास्त टिकते हे खरे, पण ते ॲल्युमिनियमच्या उघड्या रुळाला खाते, आणि चाक बदलता येते तसा रूळ सहज बदलता येत नाही. माझे मत नायलॉनच्या बाजूने आहे, मात्र आत बॉल बेअरिंग असलेले घ्यावे, नुसत्या पिनेवर फिरणारे घेऊ नये. रूळच खोलवर खरवडला गेला असेल तर त्यावर टोपीसारखी बसणारी स्टेनलेस स्टीलची पट्टी मिळते. ती बसवली की रुळाची उंची आणि जाडी वाढते, तेव्हा पट्टी आणि चाक एकाच वेळी, एकमेकांवर ठेवून पाहूनच घ्यावे.

परत बसवणे

बाहेरचा पल्ला आधी, आतला नंतर. वरची कड वरच्या खाचेत पूर्ण शिरवावी, खालची बाजू आत ढकलावी आणि चाके रुळावर आली आहेत हे वाकून पाहून मगच भार सोडावा. एक चाक रुळावर आणि दुसरे खाचेत असले तरी पल्ला उभा राहतो आणि थोडा सरकतोही, पण तेवढ्यात नवे चाक कडेने कापले जाते. उंची जुळवायचा स्क्रू असलेले बेअरिंग असेल तर फटीची तीच तपासणी पुन्हा करावी आणि ज्या बाजूचा कोपरा खाली आहे ती बाजू पाव-पाव फेऱ्याने उचलावी. वरच्या खाचेतला ठोकळा काढला असेल तर तो विसरू नये.

तेलाबाबत एक गोष्ट स्पष्ट लिहितो. खोबरेल, शिलाई मशिनचे तेल, ग्रीस, मेणबत्ती, यांतले काहीही रुळावर लावू नये. पल्ला त्या दिवशी लोण्यासारखा सरकतो आणि पुढच्या आठवड्यात रस्त्याची सगळी धूळ त्यावर चिकटते. आमच्या कारागिराचे तेल दुसऱ्यांदा अधिक महाग पडले ते यामुळेच. वाळल्यावर चिकट न राहणारा सिलिकॉनचा फवारा फडक्यावर घेऊन रुळावरून एकदा फिरवला तर चालतो, पण नवे चाक बसवल्यावर त्याचीही गरज भासू नये. आमचा पल्ला आता दोन बोटांनी सरकतो.

चाके नवी असूनही अडकत असेल तर

उचलून ढकलल्यावर ज्यांचा पल्ला जास्त घट्ट होत होता त्यांनी आणि चाके बदलूनही ज्यांचा पल्ला नेमक्या एकाच जागी अडतो त्यांनी चौकटीची उंची तीन ठिकाणी मोजावी: दोन्ही टोकांना आणि मधोमध. मधले माप टोकांपेक्षा 4-5 मिलीमीटरने कमी भरले तर वरची चौकट पोटात आली आहे. चौकट आणि भिंत यांतली फट सिमेंटने किंवा फुगणाऱ्या फोमने दाबून भरल्याने हे होते, आणि कधी वरच्या तुळईचा भार चौकटीवर आल्यानेही होते. वरच्या खाचेच्या आत घासल्याची उजळ खूण तिथेच सापडते. खालून लहान चाक बसवून पल्ला बुटका करण्याचा सल्ला अशा वेळी दिला जातो, तो मानू नये. पल्ला वरच्या खाचेत पुरेसा शिरलेला राहिला नाही तर जोराच्या वाऱ्यात तो चौकटीतून निसटू शकतो. चौकट सोडवून पुन्हा ओळंब्यात बसवणे हे फॅब्रिकेटरचे काम आहे. आणि खिडकीच्या वर भिंतीला तिरकी भेग दिसत असेल, तर त्याच्याही आधी सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला ती दाखवावी.